मातीचा दिवा 1.2 किलोचा, बिल 4 किलोचं: कुरिअर निवडताना या चुका टाळा

गोव्यातल्या डिचोलीच्या कुंभारांकडून मातीचे टांगते दिवे घेऊन ते ऑनलाइन विकायला सुरुवात केली, तेव्हा घरच्या काट्यावर वजन करून मी कुरिअरचा खर्च काढत असे. दिवा, कागद आणि खोका मिळून 1 किलो 200 ग्रॅम भरायचे. म्हणजे दीड किलोचा दर, असं माझं गणित. पहिल्या महिन्याचं बिल आलं, त्यात प्रत्येक पार्सलसमोर 4 किलो लिहिलेलं होतं. मला वाटलं, चूक त्यांचीच असणार. मग टेप घेऊन खोका मोजला आणि कळलं की त्यांचा हिशोब बरोबर होता.

तेव्हापासून कुणी विचारलं की "ताई, कुठलं कुरिअर स्वस्त?" तर मी आधी विचारते, "तुमचा खोका केवढा?" त्या उत्तराशिवाय दोन कंपन्यांच्या दरांची तुलना होऊच शकत नाही.

पहिली चूक: काट्यावरचं वजन धरून दर विचारणं

गाडीत किंवा विमानात जागा आधी भरते, वजन नंतर. म्हणून कुरिअरवाले दोन वजनं काढतात. एक काट्यावरचं, दुसरं आकारावरून काढलेलं, ज्याला सगळे व्हॉल्युमेट्रिक वजन म्हणतात. त्यातलं जे जास्त, त्याचे पैसे लागतात. आकाराचं वजन काढायची रीत साधी आहे. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजा, गुणाकार करा आणि कंपनीने ठरवलेल्या आकड्याने भागा. माझ्या कंपनीत तो 5000 आहे.

माझा जुना खोका म्हापशाच्या बाजारातून आणलेला तयार माल होता, 30 × 25 × 25 चा. गुणाकार 18,750. भागिले 5000 म्हणजे 3.75 किलो. दर 500 ग्रॅमच्या टप्प्याने वाढतो, म्हणून वरचा टप्पा धरून 4 किलो. दिवा 14 सेंटिमीटर रुंद आणि तेवढाच उंच. उरलेल्या जागेत मी बबल रॅप कोंबत होते आणि त्या हवेचं भाडं भरत होते.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे, कारण तिने माझी खोका निवडायची पद्धतच बदलली. 5000 ने भागायचं असेल, तर 500 ग्रॅमचा प्रत्येक टप्पा म्हणजे 2,500 घन सेंटिमीटर जागा. 1 किलोला 5,000 आणि 2 किलोला 10,000. त्यामुळे आधी खोका घेऊन मग वजन काढायचं नाही. आधी टप्पा ठरवायचा आणि त्यात बसेल असा खोका करून घ्यायचा. मी 2 किलोचा टप्पा धरला आणि बाहेरून 21 × 21 × 21 चा पाच थरांच्या पुठ्ठ्याचा खोका बनवून घेतला. गुणाकार 9,261, म्हणजे 1.85 किलो. पुठ्ठ्याची जाडी सुमारे अर्धा सेंटिमीटर सोडली, तरी दिव्याच्या चारी बाजूंना, वर आणि खाली 3 सेंटिमीटर जागा उरते. त्यात जाळीदार कागद घट्ट बसवते. दिव्याच्या पोकळीतही कागद भरते, कारण माती आत दाबली गेली की तडकते.

मग 22 × 22 × 20 चा का घेतला नाही? तोही 9,680 म्हणजे टप्प्यात बसतो. पण कागद भरल्यावर झाकण फुगतं. पार्सलं जिथे एकत्र येऊन पुढे जातात त्या हबवरचं मोजमापाचं यंत्र सगळ्यात बाहेरच्या कडेपासून मोजतं. 20 ची उंची 21 झाली की गुणाकार 10,164 होतो आणि तुम्ही अडीच किलोच्या टप्प्यात जाता. माझा 21 चा खोका एका बाजूने एक सेंटिमीटर फुगला, तरी 9,702 वर थांबतो. एवढी मोकळीक ठेवाच. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेने पुठ्ठा मऊ पडतो आणि कडा आणखी फुगतात, म्हणून जून ते सप्टेंबर मी रिकामे खोके प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवते.

काजूची पाकिटं किंवा कुणबी साड्या पाठवणाऱ्यांना हा त्रास फारसा होत नाही. त्यांचा माल सपाट किंवा भरीव असतो, काट्यावरचं वजनच बहुधा जास्त भरतं.

दुसरी चूक: पहिल्या अर्ध्या किलोचा दर बघून कंपनी ठरवणं

जाहिरातीत नेहमी पहिल्या 500 ग्रॅमचा दर मोठ्या अक्षरात असतो. माझ्यासमोर दोन दरपत्रकं आली, तेव्हा मी वहीत असा हिशोब मांडला. आकडे सोपे करून देते. पहिली कंपनी पहिल्या अर्ध्या किलोला 60 रुपये आणि पुढच्या प्रत्येक अर्ध्या किलोला 45 घेते. दुसरी 48 आणि 40 घेते. दुसरी दोन्हीकडे स्वस्त दिसते. पण ती आकारमानाला 5000 ऐवजी 4000 ने भागते, हे खाली बारीक अक्षरात होतं.

माझ्या 9,261 च्या खोक्याला पहिलीकडे 2 किलो लागतात, म्हणजे 60 अधिक तीन वेळा 45, एकूण 195 रुपये. दुसरीकडे 9,261 भागिले 4000 म्हणजे 2.32, टप्पा अडीच किलोचा. 48 अधिक चार वेळा 40, एकूण 208. स्वस्त वाटलेली कंपनी प्रत्येक दिव्यामागे 13 रुपयांनी महाग पडते. वर 18 टक्के जीएसटी आहे. तो दरात धरलाय की वेगळा लागेल, हे विचारून घ्या.

गोव्यातल्या विक्रेत्यांनी झोनही तपासावा. बहुतेक दरपत्रकांत गावातल्या गावात आणि राज्यातल्या राज्यात असे सगळ्यात स्वस्त झोन असतात. आपलं राज्य एवढं लहान की पत्रादेवीची हद्द ओलांडून महाराष्ट्रातल्या बांद्याला पार्सल गेलं तरी ते दुसऱ्या राज्यात जातं. काही कंपन्या त्याला जवळचा विभाग धरतात, काही थेट ‘उर्वरित भारत’मध्ये टाकतात. आणि मुंबईहून बेंगळुरूला लागणारा महानगरांचा दर आपल्याला मिळत नाही, कारण उचल 403 ने सुरू होणाऱ्या पिनकोडवरून असते. म्हणून मागच्या दोन महिन्यांच्या ऑर्डरींचे पिनकोड काढा आणि त्यातल्या सगळ्यात जास्त येणाऱ्या पाचांवरच दर मागवा. राज्यातला दर कितीही गोड असला, तरी तुमची गिऱ्हाइकं पुण्याची असतील तर तो काय कामाचा?

परत आलेलं पार्सलही दरातच धरावं लागतं. घरपोच पैसे घेण्याच्या पद्धतीत हे जास्त होतं. दहातलं एक परत आलं, तर दहा जातानाचे 1,950 आणि एक येतानाचे 195, मिळून 2,145. ते विकल्या गेलेल्या नऊ दिव्यांवर पडतात, म्हणजे प्रत्येकी सुमारे 238 रुपये. काही कंपन्या परतीला कमी दर लावतात, आणि ज्याचं परतीचं प्रमाण जास्त आहे त्याला हीच कंपनी परवडते, मग तिचा जाण्याचा दर चार रुपये जास्त का असेना.

तिसरी चूक: वजनाचा वाद पुरावा नसताना लढणं

कधीकधी चूक खरंच त्यांची असते. दोन पार्सलं एकत्र मोजली जातात किंवा बाजूचा खोका चिकटतो. माझ्या त्याच 21 च्या खोक्याला एकदा साडेपाच किलो लावले गेले. मी हरकत घेतली आणि फक्त "माझा खोका लहान आहे" असं लिहिलं. ती फेटाळली गेली. त्यानंतर प्रत्येक खोक्याचे चार फोटो काढते: लांबी, रुंदी आणि उंचीला टेप लावून तीन, काट्यावर ठेवून एक. चारही फोटोंत लेबलवरचा एडब्ल्यूबी नंबर, म्हणजे त्या पार्सलचा ट्रॅकिंग नंबर, वाचता आला पाहिजे, नाहीतर फोटो कुठल्याही खोक्याचा ठरतो. हरकत घ्यायची मुदत थोड्याच दिवसांची असते आणि ती उलटली की पैसे वळते होतात, म्हणून मी दर सोमवारी वजनफरकाची यादी उघडते.

चौथी चूक: ‘विमा आहे’ एवढ्यावर भागवणं

विमा न घेता माल हरवला, तर पावतीच्या मागे छापलेली भरपाईची मर्यादा लागू होते आणि ती मालाच्या किमतीशी जुळेलच असं नाही. सही केलेल्या पावतीवरची अशी मर्यादा बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये एका कुरिअर प्रकरणात म्हटलं आहे. तिरुपूरच्या निर्यातदाराचं कागदपत्रांचं पाकीट जर्मनीला पोचलंच नाही, नुकसान मोठं होतं, पण भरपाई पावतीतल्या 100 डॉलरपुरतीच राहिली.

मातीच्या, काचेच्या वस्तूंना आणखी एक अडचण येते. पुष्कळ विमे हरवणं आणि चोरी भरून देतात, तुटफूट देत नाहीत. म्हणून एकच प्रश्न ईमेलवर विचारा: "मातीची वस्तू वाहतुकीत फुटली तर भरपाई मिळेल का?" फोनवरचं ‘हो’ धरू नका. उत्तर ‘नाही’ आलं, तर मी स्वतःच बाजूला पैसे टाकते. चाळीसातला एक दिवा फुटतो असं धरलं, तर नवा दिवा बनवायचे 450 आणि पुन्हा पाठवायचे 195 मिळून 645. प्रत्येक दिव्यामागे सुमारे 16 रुपये. ते मी किमतीत धरते. 15,000 च्या मोठ्या झुंबराला मात्र विमा घेतेच, कारण ते हरवलं तर दोन महिन्यांचा नफा जातो.

पाचवी चूक: ट्रॅकिंगचा पहिला शब्द खरा मानणं

`Manifested` दिसलं म्हणजे पार्सल निघालं असं नाही. फक्त लेबल तयार झालं. उचलणाऱ्या मुलाने तुमच्यासमोर स्कॅन केलं नाही आणि पार्सल हरवलं, तर ते त्यांच्या ताब्यात होतं हे दाखवायला तुमच्याकडे काहीच नसतं. त्याला पाणी विचारा, दोन मिनिटं थांबवा, पण स्कॅन करून घ्या किंवा यादीवर सही घ्या.

दुसरा शब्द `Undelivered`. कारण बहुतेक वेळा ‘ग्राहक उपलब्ध नाही’ असं असतं. ते दिसलं की मी त्याच दिवशी गिऱ्हाइकाला फोन करते. एकदा नाशिकच्या बाई म्हणाल्या, "अहो, मी दिवसभर घरातच आहे, कुणाचा फोनसुद्धा आला नाही." त्यांच्या फोनमधल्या कॉलयादीचा फोटो मागवला, हरकतीला जोडला, दुसऱ्या दिवशी दिवा पोचला. दोनतीन प्रयत्नांनंतर `RTO Initiated`, म्हणजे पार्सल परत पाठवायला घेतलं, असं आलं की मात्र पार्सल थांबवणं फार कठीण जातं, आणि परतीचं भाडं सुरू होतं.

पार्सल दोन दिवस एकाच हबवर दिसलं तर लगेच तक्रार करू नका. पावसात अनमोड किंवा चोर्ला घाटात दरड आली की रस्त्याने जाणारा माल अडकतोच. चौथ्या दिवशीही नवा स्कॅन नसेल, तर हरवल्याची तक्रार नोंदवा, कारण दाव्याची मुदतही चालू असते.

नवी कंपनी घेताना मी आता तेच 21 चे तीन खोके पाठवते, दिव्याऐवजी आत वाळू भरून 1.2 किलो केलेले: एक पुण्याच्या मावशीकडे, एक बेंगळुरूच्या भाच्याकडे, एक नागपूरला. पंधरा दिवसांनी बिलावर तिन्हींसमोर 2 किलो दिसले, तर करार. एकासमोरही अडीच दिसले, तर फोटो पाठवून विचारते आणि उत्तर येईपर्यंत दिवे जुन्याच कंपनीने जातात.