प्रसिद्धीपत्रक पाठवलं, पण छापून आलं नाही? पीआर इंटर्ननी या चुका टाळा

जुलै २०२५ मध्ये गोव्यात फोंड्यातल्या एका वाचनालयाने पावसाळी रानभाज्यांचं अर्ध्या दिवसाचं प्रदर्शन ठेवलं होतं. तायकिळा, कुड्डूक, आकूर, तेरं. गावातल्या बायका भाज्या घेऊन येणार, त्या ओळखायच्या कशा, शिजवायच्या कशा ते सांगणार. खोली साठ माणसांची, प्रवेश मोफत. आमच्याकडे जेमतेम तीन आठवड्यांपूर्वी आलेल्या इंटर्नकडे मी पत्रक आणि माध्यमांची यादी सोपवली. तिने मन लावून काम केलं, तरी पहिल्या मसुद्यात त्याच चुका होत्या ज्या मी दरवर्षी नव्या मुलांच्या कामात पाहते. म्हणून तोच मसुदा समोर ठेवून लिहिते.

पहिला परिच्छेद आयोजकांसाठी लिहिणं

तिची सुरुवात अशी होती :

"फोंडा (प्रतिनिधी) : येथील वाचनालयाच्या वतीने विविध मान्यवरांच्या उपस्थितीत रानभाज्यांच्या भव्य प्रदर्शनाचे आयोजन करण्यात आले असून कार्यक्रमाचा शुभारंभ दीपप्रज्वलनाने होणार आहे. तरी नागरिकांनी मोठ्या संख्येने उपस्थित राहावे, असे आवाहन करण्यात आले आहे."

वाचून बघा. यायचं कधी, हे यात कुठेच नाही. तारीख चौथ्या परिच्छेदात होती, अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि सात मान्यवरांच्या नावांखाली. डेस्कवरच्या उपसंपादकाकडे संध्याकाळी अशी तीस-चाळीस पत्रकं असतात आणि पानावर जागा चार-पाच बातम्यांची. तो पत्रक खालून कापतो, कारण महत्त्वाचं वर असतं असं तो धरून चालतो. आपलं पत्रक कापलं की उरणार दीपप्रज्वलन. अशी बातमी कोणी लावत नाही.

आणखी एक गोष्ट : "(प्रतिनिधी)" हा शब्द दैनिकाचा. बातमी त्यांच्या स्वतःच्या वार्ताहराने आणली असेल तर दैनिकवाले तो लावतात. आपण पाठवलेल्या पत्रकावर तो लिहिला की डेस्कला तो खोडावा लागतो, आणि पत्रक पाठवणाऱ्याला वृत्तपत्राची रीत माहीत नाही हे पहिल्याच ओळीत कळतं.

आम्ही परिच्छेद असा केला (वाचनालयाचं नाव इथे गाळलं आहे) :

"फोंडा येथे रविवार, १३ जुलै रोजी सकाळी १० ते दुपारी १ या वेळेत पावसाळी रानभाज्यांचे प्रदर्शन भरणार आहे. तालुक्यातील बारा महिला तायकिळा, कुड्डूक, आकूर, तेरे अशा भाज्या घेऊन येणार असून त्या ओळखण्याच्या खुणा आणि शिजवण्याच्या पद्धती प्रत्यक्ष दाखवतील. प्रवेश मोफत आहे."

याची परीक्षा सोपी आहे. बाकी पत्रक हाताने झाकायचं आणि फक्त हा परिच्छेद वाचून घरातल्या कोणाला तरी विचारायचं : कुठे, कधी, काय, पैसे पडतील का? उत्तर आलं तर पुढे जायचं.

दुसऱ्या परिच्छेदात वाचणाऱ्याला थांबवणारी एखादी बाब हवी. इंटर्नला ती प्रदर्शनात भाजी मांडणाऱ्या एका बाईंशी फोनवर बोलताना मिळाली : तेरं घशाला खाजू नये म्हणून त्यात आंबाडे घालतात, आणि आंबाडे नसतील तर दुसरं काहीतरी आंबट घालावंच लागतं. ते वाक्य आम्ही त्यांच्याच तोंडी, त्यांची परवानगी घेऊन, घातलं. पुढे एका दैनिकाने बातमीचा मथळाच त्यावरून केला. मान्यवरांची नावं शेवटच्या परिच्छेदात गेली. अध्यक्षांना हे आवडणार नव्हतं, म्हणून मी स्वतः फोन करून सांगितलं की नावं वर ठेवली तर बातमीच येणार नाही, आणि कार्यक्रमानंतरच्या बातमीत ती फोटोसह येतील. आधी सांगितलं की माणसं समजून घेतात. सगळं मिळून पत्रक दोनशे-अडीचशे शब्दांत बसलं.

वार आणि तारीख न ताडता पाठवणं

तिच्या मसुद्यात "शनिवार, १३ जुलै" असं होतं. आदल्या वर्षीचं पत्रक समोर ठेवून तिने लिहिलं होतं. २०२४ मध्ये १३ जुलैला शनिवार होता, २०२५ मध्ये रविवार. तारीख तीच दिसली, म्हणून त्या ओळीकडे तिचं लक्षच गेलं नाही. अशी चूक डेस्कवर पकडली जाईलच असं नाही. एक उपसंपादक वार खरा मानतो, दुसरा तारीख, आणि दोन दैनिकांत दोन वेगवेगळे दिवस छापून येतात. मी स्वतः इंटर्न असताना माझ्या पत्रकामुळे हे घडलं आहे. मडगावहून दोन बसा बदलून आलेलं एक वयस्कर जोडपं बंद दारासमोर उभं होतं, ते मी अजून विसरलेले नाही. तेव्हापासून पाठवण्याआधी कॅलेंडर उघडून वार बघते आणि आयोजकांना तो मोठ्याने वाचून दाखवते.

गावांची नावं इंग्रजीवरून लिहिणं

गोव्यात ही चूक खास होते, विशेषतः बाहेरून आलेल्या मुलांकडून. आयोजकांचं निमंत्रण बहुधा इंग्रजीत असतं आणि त्यावरून मराठी पत्रक करताना "बिचोलिम", "क्वेपेम", "सँक्वेलिम" लिहून होतं. मराठीत ती डिचोली, केपे आणि साखळी आहेत. तसंच काणकोण, सांगे, पेडणे, कुडचडे. पत्रकात अशी एकही चूक दिसली तर वाचणारा बाकीच्या तपशिलावरही विश्वास ठेवत नाही. माणसांची आडनावं तर प्रत्येकाला विचारूनच लिहायची. इंग्रजीत सारखं दिसणारं आडनाव कोणी देसाई लिहितं, कोणी देसाय.

मराठी, इंग्रजी आणि देवनागरी कोंकणी या तीन प्रती लागतात. इंग्रजीवरून मराठी ओढून काढू नका, माहिती समोर ठेवून मराठी वेगळं लिहा. कोंकणीसाठी कोंकणी लिहिणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या. मराठीची क्रियापदं बदलून कोंकणी होत नाही.

पत्रक उघडतच नाही

"पत्रक आलंय, पण उघडलं तर सगळी भलतीच चिन्हं दिसतात," असा फोन आला तर कारण जवळजवळ नेहमी फाँट असतो. आयोजकांचा मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला असतो, आणि तो फाँट समोरच्या संगणकावर नसला की अक्षरांच्या जागी खुणा येतात. मजकूर युनिकोडमध्ये करून ईमेलच्या आतच चिकटवा, फाइल सोबत जोडली तरी. फक्त पीडीएफ पाठवू नका. त्यातून मराठी मजकूर उचलला की काने-मात्रा विस्कटतात आणि उपसंपादकाला सगळं पुन्हा टाइप करावं लागतं. एवढ्या छोट्या बातमीसाठी ते कोणी करत नाही. खात्री हवी असेल तर आधी घरच्या एखाद्या फोनवर तो ईमेल पाठवून उघडून बघा.

फोटोचंही तसंच. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि छापताना मऊ, धूसर येतो. ईमेलला मूळ फाइल जोडा. व्हॉट्सअॅपच वापरायचं असेल तर "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा. फाइलचं नाव `DSC_0417.JPG` ठेवू नका, `Phonda_Ranbhajya_01.jpg` असं करा, आणि खाली फोटोत कोण आहे ते डावीकडून क्रमाने लिहा.

यादीत पत्ते आहेत, माणसं नाहीत

इंटर्नने इंटरनेटवरून बेचाळीस ईमेल पत्ते गोळा केले होते. त्यातले बरेच जाहिरात किंवा वितरण विभागाचे निघाले. तिथे गेलेलं पत्रक संपादकीय विभागाकडे क्वचितच सरकतं, उलट जाहिरातीचे दर कळवणारा फोन येतो.

मी तिला पाटो, पणजी इथल्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात पाठवलं. एका आठवड्याचे गोमन्तक, तरुण भारत, नवप्रभा, लोकमत, हेराल्ड, नवहिंद टाइम्स, भांगरभूंय घेऊन बसायचं आणि प्रत्येकात तीनच गोष्टी टिपायच्या : फोंडा तालुक्याच्या बातम्या कोणत्या पानावर येतात, "आजचे कार्यक्रम" असं सदर आहे का, आणि खाणं किंवा निसर्ग या विषयांवर कोणाच्या नावाने मजकूर येतो. मग दैनिकाच्या कार्यालयात फोन करून त्या पानाचा ईमेल विचारायचा.

दोन दिवसांनी बेचाळीसची यादी एकोणीसवर आली. पण त्या एकोणीस ओळींत प्रत्येकापुढे भाषा, पान, माणूस, त्याला काय लागतं आणि कधी बोललो, हे होतं. फोंड्याचे तालुका वार्ताहर सगळ्यात वर होते. छोट्या कार्यक्रमात खरा उपयोग त्यांचाच होतो, कारण पणजीच्या डेस्कला साठ माणसांचं प्रदर्शन किरकोळ वाटतं, पण तालुक्याच्या पानाला ते हवं असतं. टीव्ही वाहिन्यांना मोठं पत्रक नको, काय दिसेल आणि किती वाजता कॅमेरा लावावा एवढ्या चार ओळी पुरतात.

पाठवताना सगळ्यांचे पत्ते एकमेकांना दिसतील असे "टू" मध्ये टाकू नका. एकोणीसच आहेत, तर एकेकाला नावाने पाठवा. अर्धा-पाऊण तास लागतो. आणि पत्रकाच्या शेवटी दोन संपर्क वेगळे लिहा : छापण्यासाठी वाचनालयाचा फोन, आणि "केवळ संपादकीय माहितीसाठी" तुमचा. हा फरक लिहिला नाही तर तुमचा खासगी नंबर उद्याच्या अंकात असतो.

काहीच आलं नाही, तर आधी हे बघा

पुरवणीची पानं दोन-चार दिवस आधीच लागतात, म्हणून रविवारच्या कार्यक्रमाचं पत्रक मागच्या सोमवारी-मंगळवारी जायला हवं. गुरुवारी पाठवलं असेल तर फक्त "आजचे कार्यक्रम" सदर आणि तालुका वार्ताहर उरतात. त्यांच्याकडेच प्रयत्न करा.

परत आलेले ईमेल न वाचता पुसू नका. त्यात `550` दिसला तर बहुधा तो पत्ता अस्तित्वात नाही, यादीतून काढा. `552` असेल तर पेटी भरली आहे किंवा तुमची जोडलेली फाइल जास्त मोठी आहे. फोटो लहान करून पुन्हा पाठवा, नाहीतर फोन करा.

फोन एकदाच, दुपारी बारा ते तीनच्या आसपास. संध्याकाळी पान लावण्याची घाई असते. "आमची बातमी कधी येणार?" असं विचारू नका. "नमस्कार, फोंड्याच्या रानभाज्यांच्या प्रदर्शनाचं पत्रक काल पाठवलंय, मजकूर नीट उघडतोय ना? फोटो हवा असेल तर लगेच पाठवते," एवढंच बोला. इंटर्नने हेच केलं तेव्हा एका डेस्कवरून उत्तर आलं, "पत्रक दिसतंय, पण शिजवलेल्या भाजीचा फोटो आहे का?" तो तिच्याकडे नव्हता. तिने त्याच बाईंना फोन केला, त्यांच्या मुलाने ताटातल्या तेऱ्याचा फोटो मूळ फाइल म्हणून पाठवला, आणि शनिवारच्या अंकात तोच लागला.

चूक पाठवून झाल्यावर सापडली तर फक्त "वार रविवार वाचावा" असा ईमेल पाठवू नका. तो मूळ पत्रकापासून वेगळा पडतो. विषयात "सुधारित" लिहून अख्खं पत्रक पुन्हा पाठवा, पहिल्या ओळीत काय बदललं ते सांगा, आणि यादीतल्या प्रत्येकाला फोन करून जुनं पत्रक काढून टाकायला सांगा.