निरोपाच्या भेटीची वर्गणी नाकारताय? या चुका टाळा

नाशिकमध्ये सातपूर-अंबडच्या ऑफिसांत आता निरोपाची वर्गणी व्हॉट्सॲप ग्रुपवरच काढतात. कुणीतरी यादी टाकतं: नाव, पुढे ५००, पैसे आले की हिरवी खूण. दबाव आणते ती ही यादी, कारण खूण नसलेली नावं रोज कमी होत जातात आणि शेवटी तुमचं एकट्याचं उरतं.

म्हणून सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे गप्प बसणं, किंवा "देतो की पगार झाल्यावर" म्हणून वेळ मारून नेणं. समजा १२ जण आहेत. तुम्हाला धरून ६,००० होतात आणि सराफ बाजारात तेवढ्याची चांदीची वस्तू सांगून ठेवली जाते. ऐनवेळी तुम्ही मागे सरलात की ते ५०० गोळा करणाऱ्याला पदरचे घालावे लागतात. चिक्कूपणाचा शिक्का बसतो तो इथे, नकारामुळे नव्हे.

यादी आली त्याच दिवशी, वस्तू ठरायच्या आधी, गोळा करणाऱ्याला बाजूला गाठून सांगा: "ताई, या वेळी मी वर्गणीत नाही. हिशोबात धरू नका आणि यादीतून नाव काढा. कार्डावर सही मात्र नक्की करणार." हेच ग्रुपवर लिहू नका. तिथे एकाने नाही म्हटलं की आणखी दोघं सरकतात आणि वर्गणी तुम्ही मोडली असं होतं.

दुसरी चूक कारणं देण्याची. मुलांची फी, घराचा हप्ता सांगितला की लगेच घासाघीस सुरू होते, "बरं, २०० तरी दे." शिवाय रविवारी तुम्ही मिसळ खायला गेलेले दिसलात तरी हिशोब मांडला जातो. २०० जमणार असतील तर पहिल्यांदाच स्वतःहून सांगा. नसतील तर "नाही हो, या वेळी नाहीच" एवढंच, त्याच सुरात पुन्हा म्हणा. भेटवस्तूला किंवा जाणाऱ्याला नावं ठेवणं तर साफ टाळा, ते त्यांच्या कानावर जातंच.

निरोपाच्या दिवशी दांडी मारू नका. नाश्ता त्याच वर्गणीतून असेल तर माणशी किती पडतो ते आधी विचारा आणि ८०-१०० रुपये, जे काय असतील ते, आदल्या दिवशीच देऊन टाका. न देता समोसा उचलला की कुजबुज होतेच. ग्रुप फोटोत उभे राहा, पण भेट हातात देताना पुढे होऊ नका. कार्डावर नुसतं "शुभेच्छा" लिहू नका. त्या माणसाने तुम्हाला शिकवलेलं एखादं काम नाव घेऊन लिहा.

एका ठिकाणी मात्र नकार पचत नाही. तुमच्या लग्नात किंवा बाळाच्या बारशाला याच मंडळींनी वर्गणी काढून भेट दिली असेल, तर तेव्हा माणशी निघाली होती तेवढी रक्कम द्या. तीही झेपत नसेल तर जमेल तेवढी द्या, पण पूर्ण नकार देऊ नका.