बॅक टू बॅक प्रिंट मारताना मागचं पान उलटं येतंय? या चुका टाळा

पहिली चूक म्हणजे प्रिंटर बिघडलाय असं समजणं. समोरची पानं बरोबर आणि मागची सगळी डोक्यावर उभी असतील तर बहुतेक वेळा सेटिंगच चुकलेलं असतं. Flip on long edge म्हणजे कागद लांब कडेवरून उलटायचा, पुस्तकासारखा, आणि Flip on short edge म्हणजे आखूड कडेवरून. बरेच जण यात अंदाजे काहीतरी निवडतात, खरंतर विचारायचं एवढंच की स्टेपल कुठल्या कडेला मारणार, तीच कड निवडायची.

आता सोसायटीच्या एजीएमचं उदाहरण घ्या. हिशोब एक्सेलमध्ये, आडवी ८ पानं, म्हणजे ४ कागद, आणि सेक्रेटरींना स्टेपल डावीकडे हवाय. आडव्या पानाची डावी कड ही आखूड कड, पण सेटिंग मात्र long edge वरच राहिलेलं, त्यामुळे पान २, ४, ६, ८ उलटी. short edge करा, काम झालं. पण हीच आडवी पानं उभ्या अहवालात मधे घालून सगळ्याला मिळून डावीकडे स्टेपल मारायचा असेल तर long edge च ठेवायचं, कारण आता स्टेपल लांब कडेला येतोय. इथेच लोक हमखास फसतात.

काही जण पीडीएफमधली सम पानं १८० डिग्री फिरवून टाकतात. असं करू नका, तीच फाइल नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याला पाठवली आणि त्याचं सेटिंग बरोबर असलं की तिथे उलटी येणार (आणि शिव्या त्याला).

दुसरं, वर्डमध्ये एक आणि प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये दुसरंच असं ठेवू नका, दोन्हीकडे तीच कड बघून घ्या.

प्रिंटरला ड्युप्लेक्स नसेल तर आधी विषम पानं, मग गठ्ठा परत ट्रेमध्ये घालून सम पानं. इथे long-short च्या मागे लागू नका, मागचं उलटं आलं तर गठ्ठा ट्रेमध्ये फिरवून घाला, वरची कड खाली, छापलेली बाजू होती तिकडेच ठेवून. प्रत्येक प्रिंटर कागद वेगळ्या पद्धतीने ओढतो म्हणून आधी ४ पानांची म्हणजे २ कागदांची टेस्ट मारा, ट्रेमधल्या वरच्या कागदावर पेन्सिलने बाण काढून. दोन कागद अशासाठी की गठ्ठ्याचा क्रम उलटा करायचा का तेही कळतं, नाहीतर १ च्या मागे ४ छापलं जातं.

आणि मुंबईच्या पावसाळ्यात कागद दमट होऊन चिकटतो, मग प्रिंटर दोन कागद एकदम ओढतो आणि तिथून पुढची सगळी मागची पानं एकेकाने सरकतात. त्यामुळे दुसऱ्या फेरीआधी गठ्ठा नीट फडफडवून घ्या, आणि १००-२०० पानं एका दमात न मारता २०-२० ची मारा.