दुरुस्तीनंतर हॉपरचा काटा चुकतोय? आधी पॉट फिरवू नका

तयार काँक्रीट बनवणाऱ्या आरएमसी प्लांटमधला खडी-वाळू तोलणारा हॉपर घ्या. चार कोपऱ्यांत भाराचा विजेचा सिग्नल करणारे चार लोडसेल, चौघांच्या तारा एका जंक्शन बॉक्समध्ये, तिथून एक केबल इंडिकेटरकडे. आतली लायनर प्लेट झिजली म्हणून हॉपर जॅकवर उचलला, नवी प्लेट वेल्ड केली, एक ब्रॅकेट सरळ केला आणि हॉपर परत बसवला. आता इंडिकेटर शून्यावर येतो, पण एका कोपऱ्यात वजन कमी दिसतं. अशा वेळी जवळजवळ प्रत्येक जण जंक्शन बॉक्स उघडून स्क्रू-ड्रायव्हर काढतो. खरी गडबड इथून सुरू होते.

बॉक्समधले पॉट, म्हणजे स्क्रूने फिरवायचे छोटे रेझिस्टर, कशासाठी असतात? एकाच मॉडेलच्या दोन लोडसेलच्या आउटपुटमध्ये आणि त्यांच्या बसवणीत थोडा फरक राहतो, तेवढा पुसण्यासाठी. हा फरक बहुधा एक टक्क्याच्या आतला असतो. दुरुस्तीआधी नीट चालणारा कोपरा दुरुस्तीनंतर एकदम तीन-चार टक्के कमी दाखवू लागला, तर लोडसेलचा स्वभाव एका रात्रीत बदलला असं समजू नका. तो सेल सोडून दुसरंच काहीतरी वजन उचलतंय, किंवा वेल्डिंगमध्ये सेलला इजा झाली आहे.

म्हणून पहिलं काम म्हणजे रिकाम्या हॉपरचं वजन चार सेलवर कसं वाटलंय ते बघणं. बॉक्समध्ये एकेका सेलच्या सिग्नलच्या दोन तारा सुट्या करून मल्टिमीटरवर मिलीव्होल्ट मोजा. सप्लायच्या तारा जागेवरच राहू द्या. समजा, प्रत्येक सेल २००० किलोचा, २ मिलीव्होल्ट प्रति व्होल्टचा आहे आणि इंडिकेटर १० व्होल्ट देतो. मग पूर्ण भाराला एका सेलचे २० मिलीव्होल्ट येतील, म्हणजे १०० किलोला १ मिलीव्होल्ट. नव्या लायनरसकट हॉपर ८४० किलोचा धरू. सगळं बरोबर असेल तर प्रत्येकी साधारण २.१ मिलीव्होल्ट यायला हवेत.

प्रत्यक्षात क्रमाने मिळाले ए ३.१, बी १.२, सी २.९, डी १.२. बेरीज ८.४, म्हणजे एकूण वजन जुळतंय. पण तिरक्या समोरासमोरच्या ए आणि सी या कोपऱ्यांनी भाराचा मोठा वाटा घेतलाय आणि बी, डी अर्धवट लटकलेत. चार पायांचं टेबल डुगडुगतं, त्यातलाच हा प्रकार. वेल्डिंगच्या उष्णतेने ब्रॅकेट किंचित वाकला असणार. यावर पॉटचा उपाय नाही, शिम घालावी लागते. बी आणि डीखाली पातळ पट्ट्या घालत गेल्यावर २.३, २.०, २.२, १.९ असे आकडे आले, तर पुढे जायला हरकत नाही. चारही अगदी सारखे करायच्या मागे लागू नका. गेट सिलिंडर एका बाजूला असेल तर तिकडचा भार मुळातच जास्त असतो आणि रिकाम्या सेलचं स्वतःचं शून्यही ०.२ मिलीव्होल्टपर्यंत इकडे-तिकडे असू शकतं. तीन सेलवरच्या सिमेंट हॉपरला ही डुगडुग नसतेच. तिथे हा टप्पा पटकन उरकतो.

आता कोपऱ्यांची चाचणी. प्रत्येक सेलजवळच्या हुकाला २० किलोची पाच प्रमाणित वजनं अडकवा आणि इंडिकेटर वाचा. समजा ए, बी, सी १०० दाखवतात आणि डी ९६. इथेही पॉटला हात नको. डीवर ५०, १०० आणि २०० किलो चढवत जा आणि मग उतरवत या. बिघाडाचं कारण आकड्यांची चाल बघूनच ओळखता येतं.

चढताना कमी, उतरताना जास्त आणि शेवटी शून्यावर परत येत नाही, तर कुठेतरी घासतंय. डस्ट-स्कर्टचं रबर किंवा बाजूचा स्टे-रॉड बघा. ५० ला ५०, पण १०० ला ९६ आणि २०० ला १८०, असं भार वाढला की बिघडत जात असेल, तर हॉपर थोडा खाली दबल्यावर काहीतरी टेकतंय. बहुतेक वेळा तो हॉपर उचलताना कसलेला आणि सैल करायचा विसरलेला सेफ्टी बोल्टचा नट असतो, नाहीतर फटीत अडकलेली खडी. त्या नटापाशी दोन-तीन मिलिमीटर मोकळी जागा डोळ्याला दिसली पाहिजे.

सगळ्यात फसवा प्रकार तिसरा. ५० ला ४८, १०० ला ९६, २०० ला १९२, आणि शून्यावर व्यवस्थित परत. हे पाहून सेलच कमी दाखवतोय असं वाटतं, आणि पॉट फिरवला की चाचणीत सगळं सुरेख जुळतंही. पण डीजवळून जाणारी एअर लाइन बघा. लवचीक नळीच्या जागी फिटरने सोयीसाठी लोखंडी पाइप जोडला असेल, तर तो स्प्रिंगसारखा ४ टक्के भार स्वतःवर घेतो. पाइप सोडवून चाचणी परत घ्या. ९६ चे १०० झाले, तर चोर सापडला. तसं न करता ए, बी, सी ९६ वर आणून स्पॅन, म्हणजे इंडिकेटरवरची भाराची एकूण पट्टी, वाढवला, तर पाइप निघेल त्या दिवशी डीकडे झुकलेला ढीग जास्त तोलला जाईल. दुपारच्या उन्हात पाइप लांबला की शून्यही सरकेल. काँक्रीटच्या आयएस ४५६ या मानकात खडी-वाळूच्या मापनाला ±३ टक्क्यांची मुभा आहे, सिमेंटला ±२ टक्के. एका पाइपने ती खाऊन टाकायची काही गरज नाही.

तिन्हीपैकी काही सापडलं नाही, तर सेलवर संशय घ्या. तो पूर्ण मोकळा करून आउटपुट मोजा. शून्यापासून बराच दूर असेल, तर तो दबलाय किंवा वेल्डिंगचा करंट त्यातून गेलाय. इन्सुलेशन तपासताना तारा इंडिकेटरपासून सोडवा आणि ५० व्होल्टचा टेस्टर वापरा. ५०० व्होल्टचा मेगर लावलात तर चांगला सेलही जाईल. खरं तर वेल्डिंगआधी सेल काढून डमी पॅकिंग बसवणं सर्वांत सुरक्षित. ते जमत नसेल तर केबल सोडवा, अर्थिंगचा क्लॅम्प वेल्डिंगच्या अगदी जवळ हॉपरवरच लावा आणि प्रत्येक सेलला वळसा घालणारी तांब्याची पट्टी जोडा. नुसती केबल सोडवून भागत नाही, करंट सेलच्या धातूमधूनही वाट काढतो.

इतकं झाल्यावर किलो-अर्धा किलोचा फरक उरला, तरच पॉट. बहुतेक बॉक्समध्ये पॉट सेलचं आउटपुट फक्त कमी करू शकतो. म्हणून सर्वांत कमी दाखवणारा कोपरा तसाच ठेवा आणि बाकीचे त्याच्यापर्यंत खाली आणा. एका कोपऱ्यावरचं वजन शेजारच्या सेलवरही थोडं जातं, त्यामुळे एक पॉट हलला की चारही कोपरे पुन्हा वाचायचे.

आणि क्रम उलटा करू नका. पॉट हलवला की त्या सेलवरच्या रिकाम्या हॉपरच्या भाराचा हिशोबही बदलतो, म्हणून शून्य आणि स्पॅन कोपऱ्यांनंतरच. स्पॅन १०० किलोवर करून २००० किलोच्या हॉपरवर विसंबू नका. वजनं ५०० किलोचीच असतील तर ती ठेवून आकडा लिहा, वजनं उतरवा, तोच आकडा येईपर्यंत वाळू भरा आणि वर पुन्हा तीच वजनं ठेवा. असं करत २००० पर्यंत जाता येतं. काट्यावर वैध मापन विभागाची मुद्रा असेल, तर सील तोडून केलेल्या या कामानंतर फेरपडताळणी करून घ्यावी लागते. प्रत्येक सेलचे रिकाम्या हॉपरचे मिलीव्होल्ट तारखेसह बॉक्सच्या झाकणाच्या आत लिहून ठेवा.