साबुदाण्याची खीर: दाणे काचेसारखे शिजावेत, लगदा होऊ नये यासाठी

चांगल्या साबुदाण्याच्या खिरीत प्रत्येक दाणा सुटा दिसतो. तो आरपार दिसेल इतका शिजलेला असतो आणि भोवतीचं दूध हलकंसं दाट असतं. बिघडलेल्या खिरीत एक तर दाण्याच्या पोटात पांढरी कणी राहते, नाही तर सगळं मिळून गिच्च खळ होते. दोन्हींचं मूळ एकच: दाण्याच्या पोटापर्यंत पाणी आणि उष्णता पोचण्याआधीच त्याचं बाहेरचं अंग शिजून गेलेलं असतं.

साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. गार पाण्यात हा स्टार्च थोडं पाणी पितो, पण पांढराच राहतो. साधारण ६० ते ७० अंशांच्या पुढे, आणि तेही पुरेसं पाणी मिळालं तरच, तो फुगतो आणि पारदर्शक होतो. म्हणून कामाची वाटणी सरळ आहे. पाणी आत मुरवायचं काम भिजवताना, गार पाण्यात. पारदर्शक करायचं काम शिजवताना, उकळत्या पाण्यात. ही दोन कामं एकात एक मिसळली की लगदा होतो. वेळ वाचवायला कोमट किंवा गरम पाण्यात भिजवणं हे त्याचं नेहमीचं उदाहरण. बाहेरचा थर लगेच चिकट होतो, दाणे एकमेकांना धरतात आणि आत पाणी जायला वाट उरत नाही.

प्रमाण

चार-पाच जणांसाठी अर्धी वाटी, म्हणजे सुमारे ७५ ग्रॅम मध्यम आकाराचा साबुदाणा, अर्धा लिटर पाणी, पाऊण लिटर दूध आणि ७५ ते ९० ग्रॅम साखर. साबुदाणा कमी दिसतो म्हणून वाढवू नका. शिजल्यावर तो कितीतरी पटीने फुगतो, आणि खीर निवताना आणखी आळते.

धुणं आणि भिजवणं

दाण्यांवर स्टार्चची बारीक पूड बसलेली असते. ती तशीच पातेल्यात गेली की दूध खळीसारखं होतं, मग दाणे कितीही नीट शिजोत. म्हणून भरपूर गार पाण्यात साबुदाणा हलक्या हाताने फिरवून पाणी ओता. तीन-चार पाण्यांनंतर पाणी दुधट न राहता जवळजवळ नितळ दिसायला लागतं, तिथे थांबा. चोळू नका, चोळल्याने दाण्यांचे पापुद्रे निघतात आणि नवी पूड तयार होते.

आता दाण्यांच्या वर बोटाचं एक पेर पाणी येईल इतकं पाणी घालून दीड ते दोन तास ठेवा. खिचडीसाठी जेमतेम पाण्यात भिजवण्याची सवय असते, कारण तिथे दाणा कोरडा हवा असतो. खिरीत तो पुढे पाण्यातच जाणार आहे, त्यामुळे थोडं जास्त पाणी चालतं. अगदी बारीक साबुदाण्याला वीस-तीस मिनिटं पुरतात. टपोऱ्या मोठ्या दाण्याला तीन-चार तास लागू शकतात. घड्याळापेक्षा बोटांवर विश्वास ठेवा. चार-पाच दाणे अंगठा आणि बोटात दाबा. सहज कुस्करले आणि आत खडा लागला नाही, तर झालं. कणी लागली तर आणखी अर्धा तास द्या. दाणा उचलतानाच फुटत असेल तर तो जास्त भिजला आहे. तो टाकून द्यायची गरज नाही, पण शिजवायचा वेळ निम्म्यावर आणा आणि जवळजवळ ढवळूच नका.

भिजून झाल्यावर चाळणीवर पाणी निथळा आणि गार पाण्याची एक धार फिरवा.

शिजवणं: आधी पाणी, मग दूध

साबुदाणा थेट दुधात शिजवायची पद्धत खूप घरांत आहे आणि सावध हाताने ती जमतेही. पण दूध बुडाला लागू नये म्हणून सतत ढवळावं लागतं, ढवळण्याने दाणे मोडतात, आणि पांढऱ्या दुधात दाण्याच्या पोटातली पांढरी कणी दिसतही नाही. आधी पाण्यात शिजवलं की तिन्ही अडचणी टळतात.

जाड बुडाच्या पातेल्यात अर्धा लिटर पाण्याला खळखळून उकळी येऊ द्या. मगच साबुदाणा घाला. गार पाण्यात घालून तापवत नेलं तर दाण्याचं बाहेरचं अंग बराच वेळ अर्धवट शिजत राहतं आणि विरघळायला लागतं. घातल्याबरोबर पहिलं एक मिनिट डाव बुडापासून हळू फिरवा, कारण दाणे तळाला चिकटतात ते याच वेळी. नंतर आच मध्यम करा आणि दर दोन मिनिटांनी एकदाच ढवळा.

सहा-सात मिनिटांनी डावात थोडे दाणे पाण्यासकट घ्या आणि उजेडाकडे धरून पाहा. कडा काचेसारख्या झालेल्या असतात आणि मधोमध खसखशीएवढा पांढरा ठिपका असतो. इथेच गॅस बंद करायचा. ठिपका जाईपर्यंत उकळत ठेवण्याचा मोह होतो, आणि बहुतेक खिरी इथेच बिघडतात: आतला ठिपका शिजेपर्यंत बाहेरचा थर पाण्यात उतरलेला असतो. त्याऐवजी घट्ट झाकण ठेवून दहा मिनिटं थांबा. पाण्यातली उष्णता पोटापर्यंत जाते आणि ढवळणं नसल्याने दाणा मोडत नाही. झाकण काढल्यावर ठिपके गेलेले दिसतील. काही उरले असतील तर एक उकळी आणून पुन्हा पाच मिनिटं झाका.

भोवतालचं पाणी हलकं, थोडं बुळबुळीत असेल तर ते राहू द्या. खिरीला अंग त्यानेच येतं. खळीसारखं जाड झालं असेल तर अर्धं गाळून टाका.

दरम्यान दूध दुसऱ्या पातेल्यात उकळून थोडं आटवून घ्या आणि गरम असतानाच साबुदाण्यात ओता. मंद आचेवर पाच मिनिटं ठेवा. साखर सगळ्यात शेवटी, दाणे पूर्ण पारदर्शक झाल्याची खात्री करून घाला. साखर पाणी ओढून घेते, त्यामुळे आधी घातली तर स्टार्चला शिजायला जास्त उष्णता लागते आणि कणी तशीच अडून राहते. साखर विरघळली की वेलदोड्याची पूड घाला. गूळ वापरायचा असेल तर गॅस बंद करून खीर कोमट झाल्यावर घाला, उकळत्या दुधात तो दूध फाडू शकतो.

खीर हवी त्यापेक्षा पातळ असतानाच उतरवा. डावातून सरसर ओघळायला हवी. अर्ध्या तासात ती आपोआप दाट होते.

बिघडल्यावर

मोडलेले दाणे परत अखंड होत नाहीत. खीर गिच्च झाली असेल तर गरम दूध घालून ती सैल करता येते, तेवढंच हाती असतं. कणी राहिली असेल आणि साखर पडून गेली असेल, तर अर्धी वाटी उकळतं पाणी घालून झाकण ठेवा आणि अगदी मंद आचेवर दहा मिनिटं द्या. फ्रिजमध्ये ठेवलेल्या खिरीतले दाणे दुसऱ्या दिवशी पुन्हा पांढुरके आणि किंचित कडक होतात. तो कच्चेपणा नसतो, गार झाल्यावर स्टार्च घट्ट होतो म्हणून तसं दिसतं. पाव वाटी दूध घालून मंद आचेवर गरम केलं की ते बऱ्यापैकी मऊ आणि पारदर्शक होतात.