डीप वर्कचं सत्र दोन टोकांना फसतं: या चुका टाळा

सांगलीत विश्रामबागेतल्या घरातून मी पुण्याच्या एका कंपनीसाठी सॉफ्टवेअरची माहितीपुस्तकं लिहिते. सकाळी पावणेनऊ ते सव्वादहा हा वेळ डीप वर्कचा, म्हणजे मध्ये न उठता पूर्ण लक्ष देऊन करायच्या कामाचा, आणि तो फक्त लिखाणाचा, असं ठरवून दार लावून बसायचे, तरी दीड तासात जेमतेम अर्धं पान व्हायचं. घरातल्या वर्दळीमुळेच असं होतंय, याची मला खात्री होती. मग आठवडाभर लॅपटॉपशेजारी एक कागद ठेवला. लक्ष उडालं की त्यावर एक शब्द लिहायचा: बेल, आई, मेल, बिल. शनिवारी मोजलं तर 44 नोंदींपैकी बाहेरून आलेल्या फक्त 9 होत्या. बाकीच्या माझ्याच डोक्यातल्या, आणि त्यातल्या बहुतेक आदल्या दिवशीच्या अर्धवट कामांच्या, नाहीतर सकाळी पाहिलेल्या मेलच्या. तुमचं सत्र फसत असेल तर आधी हा कागद ठेवून बघा. आजार कळल्याशिवाय औषध कसं निवडणार?

पहिली चूक म्हणजे बसण्याआधी मेलवर "नुसती एक नजर" टाकणं. नजर एक मिनिटाची असते, पण त्यात असं काहीतरी दिसतं ज्याचं उत्तर आत्ता देता येत नाही. सोफी लेरॉय या संशोधिकेने 2009 मध्ये हेच मांडलं: काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलो तर लक्षाचा काही भाग मागेच रेंगाळतो. म्हणून मेल आणि ऑफिसचे चॅट सव्वादहानंतरच उघडायचे. "तातडीचं असेल तर मेसेज नको, फोन करा," असं मी टीमला सांगून ठेवलंय. फोन स्वयंपाकघरात, डू नॉट डिस्टर्बवर असतो. त्यात रिपीट कॉलरची सोय चालू ठेवली की तोच माणूस थोड्या वेळात दुसऱ्यांदा फोन करतो तेव्हा रिंग वाजते. अँड्रॉइडवर ही मुदत 15 मिनिटांची असते, आयफोनवर 3 मिनिटांची.

घरच्यांना "मला त्रास देऊ नका" एवढंच सांगणं ही दुसरी चूक. सासूबाई मुद्दाम हाक मारत नव्हत्या. "अगं, गॅसवाला आलाय, पुस्तक कुठं ठेवलंस?" हा प्रश्न खराच होता. आता गॅसचं पुस्तक, सुट्टे पैसे आणि किल्ल्या दिवाणखान्यातल्या एका डब्यात असतात. दाराच्या कडीला लाल फडकं असेल तोवर थांबायचं, पण कुणाला बरं नसेल तर खुशाल दार वाजवायचं, असं आमचं ठरलंय.

आता शेवटाकडे येते, कारण माझं सगळ्यात जास्त नुकसान तिथंच होत होतं. सव्वादहा वाजले की मी वाक्य अर्धवट टाकून उठायची आणि दुसऱ्या दिवशी पहिली वीस मिनिटं "कुठं होतो आपण" हे शोधण्यात जायची. आता शेवटची पाच मिनिटं फक्त पुढची पायरी लिहायला ठेवते. "प्रकरण 4 पुढे" असं लिहून उपयोग होत नाही. परवाची माझी चिठ्ठी अशी होती: "पासवर्ड बदलण्याच्या भागात तिसऱ्या पायरीचा स्क्रीनशॉट जुना आहे. नवा घे, मग चौथी पायरी लिही." दुसऱ्या दिवशी बसल्या बसल्या हात चालायला लागला.

संध्याकाळचं शटडाउन, म्हणजे दिवसाचं काम आवरून बंद करणं, हेही असंच. पावणेसहाला शेवटचा मेल बघायचा, डोक्यात लटकलेलं सगळं वहीत उतरवायचं, उद्याच्या सत्राचं एक काम ठरवायचं आणि लॅपटॉप बंद करून कपाटात ठेवायचा. पंधरा मिनिटं पुरतात. इथं चूक होते ती नुसती यादी करून थांबण्याची. मासिकांपो आणि बाउमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांच्या 2011 च्या प्रयोगांत अपुऱ्या कामांचे विचार मध्ये मध्ये घुसत होते. पण ते काम कसं, केव्हा करायचं याचा नेमका बेत केल्यावर, काम तसंच अपुरं असूनही, ते विचार मागे हटले. माझ्या वहीत "ग्राहकाच्या तक्रारीचं उत्तर" असं लिहिलेलं असायचं आणि रात्री भाकरी थापताना तेच डोक्यात घोळायचं. ते बदलून लिहिलं, "मंगळवारी साडेअकरा, आधी टेस्टिंगवाल्यांना विचारायचं, मग उत्तर." तेव्हापासून त्या कामाने संध्याकाळी पिच्छा सोडला. रात्री एखादं काम वारंवार आठवत असेल तर वही उघडून बघा, बहुतेक वेळा त्याच्यापुढे वार आणि वेळ लिहिलेली नसते.

ज्यांना दर दहा मिनिटांनी ग्राहकाचा फोन घ्यावाच लागतो, त्यांना दीड तासाचं सत्र जमणार नाही. त्यांनी सहकाऱ्याशी पाळी लावून 45 मिनिटं मागून घ्यावीत. तेवढ्या वेळासाठीही शेवटची चिठ्ठी मात्र लिहावी.