मलेरियाची चौदा दिवसांची गोळी: सुरू करण्याआधी जी-६-पीडी कसे तपासावे आणि लघवी काळी झाली तर काय करावे

पावसाळा सरता सरता सातपुड्याच्या पायथ्याला, म्हणजे शहादा, तळोदा, अक्कलकुवा या पट्ट्यात, थंडी वाजून येणारा ताप घेऊन माणसे येतात. बरेच जण गुजरातेत ऊसतोडीला किंवा बांधकामावर जाऊन आलेले असतात. बोट टोचून केलेल्या तपासणीत ‘व्हायवॅक्स’ जातीचा मलेरिया निघाला की दोन औषधे मिळतात. तीन दिवस क्लोरोक्विन आणि चौदा दिवस प्रायमाक्विन. पहिल्याने ताप उतरतो. दुसरे यकृतात झोपून राहिलेल्या जंतूंना मारण्यासाठी असते, नाहीतर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी तोच ताप परत येतो.

हे दुसरे औषध बहुतेकांना काही करत नाही. काही थोड्यांच्या तांबड्या पेशी मात्र त्याने फुटतात.

पेशी फुटते ती का

तांबड्या पेशीला केंद्रक नसते आणि ऊर्जा बनवणारे मायटोकॉन्ड्रियाही नसतात. तयार होताना जी एन्झाइमे तिला मिळाली, तीच साधारण १२० दिवस पुरवायची. त्यांतले एक म्हणजे ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजनेज, थोडक्यात जी-६-पीडी. हे एन्झाइम साखरेपासून एनएडीपीएच नावाचा रेणू बनवते आणि तो ग्लुटाथायोनला पुन्हा पुन्हा ताजे करतो. ग्लुटाथायोन म्हणजे पेशीचे गंजरोधक. प्रायमाक्विन शरीरात गेल्यावर त्याचे जे पदार्थ बनतात ते पेशीत गंज चढवतात. एन्झाइम पुरेसे असेल तर तो लगेच पुसला जातो. कमी असेल तर हिमोग्लोबिन गोठून गाठी होतात, पेशीची त्वचा कडक होते आणि पेशी फुटते.

शिकागोजवळच्या संशोधकांनी १९५०च्या दशकात हे शोधले. प्रायमाक्विन न सोसणाऱ्या माणसाच्या तांबड्या पेशी त्यांनी खूण करून निरोगी माणसाला दिल्या आणि मग त्याला औषध दिले. बाहेरून आलेल्या पेशी फुटल्या, त्याच्या स्वतःच्या टिकल्या. दोष पेशीतच आहे हे त्यावरून कळले आणि १९५६ साली नेमके एन्झाइमही सापडले. आणखी एक गोष्ट लक्षात आली, ती पुढे फार उपयोगी पडते: आधी फुटतात त्या म्हाताऱ्या पेशी. वय वाढेल तसे एन्झाइम आटत जाते, नव्या पेशींत ते जास्त असते.

बाकल्याच्या शेंगा, म्हणजे ज्याला फावा बीन म्हणतात त्या, अशा माणसांना बाधतात, त्याचेही हेच कारण आहे. त्यातल्या व्हायसिनपासून पोटात डायव्हिसिन बनते आणि तेही असाच गंज चढवते. ताजा, कच्चा बाकला जास्त बाधतो आणि खाल्ल्यावर एक-दोन दिवसांत लघवी काळपट होते. आंतरजालावर ‘बीन्स’ शब्द वाचून आपल्याकडे लोक वाल-पावटा सोडतात. ती वेगळी वनस्पती आहे. खानदेशातल्या भाकरी-भाजीत बाकला क्वचितच येतो, त्यामुळे इथल्या माणसाला शेंगेपेक्षा गोळीचीच जास्त काळजी करायला हवी.

पहिली गोळी घेण्याआधी

क्लोरोक्विन लगेच सुरू करा, त्याला थांबू नका. नेहमीच्या मात्रेत ते या कमतरतेतही चालते. प्रायमाक्विन मात्र तपासणीचा अहवाल येईपर्यंत दोन-चार दिवस पुढे गेले तरी बिघडत नाही, कारण यकृतातला जंतू काही आज रात्री उठत नाही.

डॉक्टरांना तीन गोष्टी न विचारता सांगा. घरात कुणाची औषधानंतर लघवी काळी झाली होती का. जन्मल्यावर कुणाला दिव्याखाली ठेवण्याइतकी कावीळ झाली होती का. आणि औषध घेणारी बाई असेल तर तिला दिवस गेले आहेत का. गर्भारपणात आणि अगदी तान्ह्या बाळाला हे औषध देतच नाहीत.

मग रक्त द्या. जांभळ्या टोपणाच्या नळीत ते घेतात. प्रयोगशाळा गावापासून लांब असेल तर नळी थंड डब्यात न्यावी, पण थेट बर्फावर ठेवू नये, पेशी गोठून फुटल्या तर नमुना वाया जातो. सोपी तपासणी ठिपक्याची असते. रक्ताचा थेंब रसायनात मिसळून कागदावर टिपतात आणि अतिनील दिव्याखाली बघतात. एन्झाइम असेल तर ठिपका चमकतो, नसेल तर काळाच राहतो.

पुरुषाला या तपासणीने सरळ उत्तर मिळते. स्त्रियांचे तसे नाही. हा दोष एक्स गुणसूत्रावर असतो, स्त्रीकडे ती दोन असतात, त्यामुळे वाहक स्त्रीच्या रक्तात चांगल्या आणि कमकुवत पेशींची सरमिसळ असते. ठिपका चमकतो, अहवालात ‘नॉर्मल’ येते आणि तरी तिच्या निम्म्या पेशी धोक्यात असू शकतात. म्हणून स्त्रीसाठी आकड्यात उत्तर देणारी तपासणी मागावी, आणि निरोगी माणसाच्या तुलनेत ३० ते ७० टक्के आले तर डॉक्टरांनी जपून ठरवावे.

एक गैरसमज आपल्या भागात सर्रास आढळतो. नंदुरबार जिल्ह्यात सिकलसेलची तपासणी ठाऊक आहे, त्यामुळे ‘माझी रक्ततपासणी झालीय, निगेटिव्ह आहे’ असे सांगून लोक मोकळे होतात. सिकलसेल हिमोग्लोबिनचा दोष आहे, हा एन्झाइमचा. एकाच्या तपासणीत दुसरा दिसत नाही आणि एकाच माणसात दोन्ही असू शकतात.

एक उदाहरण, दिवस मोजून

मोलगीकडचा २१ वर्षांचा एक मुलगा घेऊ. वजन ४८ किलो, सिकल निगेटिव्ह, हिमोग्लोबिन १२.१. मात्रा किलोमागे ०.२५ मिलीग्रॅम, म्हणजे १२ मिलीग्रॅम होते. ७.५ मिलीग्रॅमच्या गोळीमुळे व्यवहारात दोन गोळ्या, १५ मिलीग्रॅम. जी-६-पीडी कुणी तपासले नाही. सोमवारी गोळ्या सुरू.

बुधवारी संध्याकाळी कंबर दुखायला लागली. गुरुवारी सकाळी तो वडिलांना म्हणाला, “बाबा, लघवी काया चहासारखी व्हयनी.” वडिलांना वाटले, उन्हाने. पाणी पाज, लिंबू पाज. इथेच एक दिवस जातो आणि त्या दिवसाची गोळीही पोटात जाते.

या मुलाने काय करायला हवे होते? गोळी तिथल्या तिथे बंद. लघवी पांढऱ्या काचेच्या बाटलीत घेऊन उजेडासमोर धरायची. गडद पिवळी असेल तर पाणी पिऊन दोन-तीन तासांत फिकी होते. चहासारखी किंवा कोकमाच्या पाण्यासारखी असेल आणि पाणी पिऊनही तशीच राहिली, तर बाटली घेऊन थेट दवाखाना. डोळे पिवळे, ओठ निळसर, जिना चढताना धाप, पोटात दुखणे, यांतले काहीही असेल तर बाटलीचीही वाट बघू नये.

दवाखान्यात पट्टीची तपासणी पुष्कळ सांगते. पट्टी ‘रक्त आहे’ म्हणते, पण सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी दिसत नाहीत. म्हणजे पेशी रक्तातच फुटल्या आणि त्यांतले हिमोग्लोबिन लघवीत उतरले. साध्या काविळीतही लघवी गडद असते, पण तिथे पट्टी रक्त दाखवत नाही. कुष्ठरोगाची औषधे घेणाऱ्याने आणखी एक फरक ध्यानात ठेवावा: महिन्यातून एकदा घ्यायच्या रिफॅम्पिसिनने लघवी एखादा दिवस नारिंगी होते, ती निरुपद्रवी. त्याच पाकिटातल्या डॅप्सोनने मात्र या कमतरतेत पेशी फुटतात, आणि तेव्हा लघवी तपकिरी असते आणि माणूस गळून जातो.

मुलाचे हिमोग्लोबिन शुक्रवारी ९.४ आणि पुढच्या सोमवारी ७.६. सलाईन चढवले, मूत्रपिंड शाबूत आहे ना यासाठी क्रिएटिनिन तपासत राहिले, नाडी आणि श्वास ठीक होता म्हणून रक्त दिले नाही. आठवडाभरानंतर आकडा वर यायला लागला.

शुक्रवारीच जी-६-पीडीला रक्त पाठवले होते. अहवाल आला: नॉर्मल.

माझ्या मते या आजारातला सगळ्यात घातक कागद हाच. म्हाताऱ्या, एन्झाइम आटलेल्या पेशी फुटून गेल्या होत्या, उरल्या त्या तरुण, आणि मज्जेतून अगदी कोवळ्या पेशी भरभरून येत होत्या. मोजणी झाली ती वाचलेल्यांची. हा कागद जपून ठेवला आणि पुढच्या तापात दाखवला, तर तेच औषध पुन्हा मिळणार. पेशी फुटल्यानंतर केलेली तपासणी ‘नॉर्मल’ आली तर तीन महिन्यांनी पुन्हा करायची. मध्ये रक्त चढवले असेल तरीही तेच, कारण तेव्हा मोजले जाते ते दात्याचे एन्झाइम. या मुलाचा ठिपका तीन महिन्यांनी काळा निघाला.

मग त्याच्या यकृतातला जंतू कसा मारायचा

व्हायवॅक्स पुन्हा उठला तर औषध देताच येत नाही असे नाही. चौदा दिवस रोज देण्याऐवजी आठवड्यातून एकदा, किलोमागे ०.७५ मिलीग्रॅम, असे आठ आठवडे देतात. ४८ किलोला ३६ मिलीग्रॅम होतात, म्हणजे एका वेळी पाच गोळ्या. ऐकायला उलटे वाटते, पण हिशेब पेशींच्या वयाचा आहे. प्रत्येक डोसला फक्त सर्वांत जुन्या पेशी फुटतात आणि पुढच्या सात दिवसांत मज्जा भर घालते. यकृतातल्या जंतूवर परिणाम एकूण मात्रेचा होतो, रोजच्या मात्रेचा नाही.

हे घरी बसून करायचे नाही. पहिल्या डोसनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी आणि सातव्या दिवशी हिमोग्लोबिन बघतात, तोवर दुसरा डोस नाही. ज्यांच्यात एन्झाइम अगदीच नगण्य असते, त्यांच्या तरुण पेशीही फुटतात. तिथे डॉक्टर प्रायमाक्विन न देता फक्त ताप परतला की क्लोरोक्विन देण्याचा निर्णय घेऊ शकतात. रक्त चढवायची सोय नसलेल्या ठिकाणी हा प्रयोग करू नये, असे माझे ठाम मत आहे. अशा रुग्णाचे ओठ निळे पडले तर एरवी जे मिथिलीन ब्लू देतात, तेही इथे पेशी फोडते, म्हणून आपत्कालीन डॉक्टरांना कमतरता आधीच माहीत हवी.

अहवालाचा फोटो फोनमध्ये ठेवा आणि त्यावर नाव लिहून कागद आधारकार्डाच्या पाकिटात घाला. लघवीच्या जंतुसंसर्गाला सर्रास लिहितात ते नायट्रोफ्युरँटॉइनही टाळायच्या यादीत आहे. साध्या मात्रेतली पॅरासिटामॉल चालते. घरातल्या गोधड्यांच्या पेटीतल्या डांबराच्या गोळ्या काढून टाका. त्या पेटीतले कापड न धुता तान्ह्या बाळाला गुंडाळले, तर त्या वासानेही कमतरता असलेल्या बाळाच्या पेशी फुटतात.

आणि या मुलाच्या आईकडची माणसे तपासा. त्याला हा दोष तिच्याकडून आला, म्हणून त्याचे सख्खे भाऊ, मामा आणि मावशीची मुले आधी. तो स्वतः पुढे बाप झाला तर मुलग्यांना त्याच्याकडून दोष जाणार नाही, मुली मात्र सगळ्या वाहक असतील, आणि त्यांच्यासाठी ठिपक्याची नव्हे, आकड्याची तपासणी.